यंत्राची मोड निवड

मोड निवड हा यंत्राच्या नियंत्रण प्रणालीतील एक भाग आहे. यंत्राने कोणत्या क्षणी कोणाची आज्ञा मानावी, हे तो ठरवतो. औद्योगिक यंत्रांवर साधारणपणे तीन मोड आढळतात. मॅन्युअल अर्थात हस्तचलित मोडमध्ये चालक प्रत्येक क्रिया स्वतंत्र बटणाने करवून घेतो. जॉग मोडमध्ये बटण दाबून धरले असेल तेवढाच वेळ यंत्राचा एखादा भाग मंद गतीने सरकतो. ऑटो अर्थात स्वयंचलित मोडमध्ये एकदा आरंभाचे बटण दाबल्यावर ठरलेली सर्व क्रियांची साखळी यंत्र आपण होऊन पूर्ण करते. महाराष्ट्रातील कारखान्यांत ‘मशीन मॅन्युअलला टाक’, ‘ऑटोला घे’ असे शब्दप्रयोग रोजचे आहेत. म्हणून या लेखातही तीच नावे वापरली आहेत.

तिन्ही मोड वेगवेगळे लिहिणे फारसे कठीण नसते. अडचण येते ती एका मोडमधून दुसऱ्या मोडमध्ये जाताना. निवडीचा खटका फिरवला तेव्हा यंत्र नेमके कोणत्या स्थितीत होते, कोणते बटण दाबलेले होते आणि कार्यक्रमाच्या स्मृतीत काय शिल्लक होते, यांवर पुढच्या क्षणी काय घडेल हे अवलंबून असते. खटका फिरवल्याने कोणतीही हालचाल सुरू न होणे, धरून ठेवलेली वस्तू न सुटणे आणि जुन्या मोडमधील अर्धवट आज्ञा नव्या मोडमध्ये न शिरणे, या तीन अटी पाळणाऱ्या संक्रमणाला स्वच्छ संक्रमण म्हणता येते.

## मोड आणि अवस्था

मोड आणि अवस्था या दोन संकल्पनांची गल्लत वारंवार होते. मोड म्हणजे आज्ञेचा उगम. अवस्था म्हणजे यंत्राची या क्षणाची प्रत्यक्ष स्थिती: थांबलेले, चालू, सायकलच्या मध्यावर अडकलेले, दोषामुळे बंद पडलेले. यंत्र ऑटो मोडमध्ये असूनही थांबलेले असू शकते. बहुतेक वेळा ते तसेच असते. खटका ‘ऑटो’वर नेणे म्हणजे यंत्र चालू करणे नव्हे. यंत्रांच्या विद्युत साधनांविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२०४-१ हेच सांगते. केवळ मोड निवडल्यामुळे यंत्राचे काम सुरू होता कामा नये, त्यासाठी आरंभाची वेगळी कृती आवश्यक असावी, असे त्यात नमूद आहे.

संगणकीय नियंत्रणाच्या यंत्रांवर, म्हणजे सीएनसीवर, ‘जॉग’ हा मॅन्युअल कामाचाच एक प्रकार मानला जातो आणि तेथे मोडची संख्याही जास्त असते. या लेखात पुढे विचार केला आहे तो पीएलसीवर चालणाऱ्या, एकाच कामासाठी बांधलेल्या यंत्राचा. कारखान्यांत अशा यंत्राला ‘एसपीएम’ म्हणतात.

## उदाहरण: एका स्लाइडचे ड्रिलिंग यंत्र

संपूर्ण विषय एका छोट्या यंत्रावर समजून घेता येतो. फिक्स्चरमध्ये ठेवलेल्या लोखंडी जॉबला १० मिमी व्यासाचे आरपार छिद्र पाडणारे एक आडवे ड्रिलिंग यंत्र आहे असे समजू. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर जॉब घट्ट धरतो, हा क्लॅम्प. ड्रिल फिरवणारा स्पिंडल एका स्लाइडवर बसवलेला आहे आणि सर्व्हो मोटर ही स्लाइड पुढेमागे नेते. चालक जॉब हाताने ठेवतो, गार्डचे दार लावतो आणि आरंभाचे बटण दाबतो.

ऑटो सायकलचे टप्पे क्रमांकाने ओळखले जातात. टप्पा ० ही घरची, म्हणजे ‘होम’ स्थिती: स्लाइड मागे, क्लॅम्प सुटलेला, स्पिंडल बंद. टप्पा १० मध्ये क्लॅम्प लागतो, २० मध्ये स्पिंडल सुरू होतो. टप्पा ३० मध्ये स्लाइड सेकंदाला १२० मिमी वेगाने ११० मिमीपर्यंत जाते. तेथे ड्रिलचे टोक जॉबपासून जेमतेम ३ मिमी अंतरावर असते. टप्पा ४० मध्ये सेकंदाला २ मिमी या गतीने १४० मिमीपर्यंत प्रत्यक्ष छिद्रण होते; त्याला १५ सेकंद लागतात. टप्पा ५० मध्ये स्लाइड मागे येते आणि टप्पा ६० मध्ये स्पिंडल बंद होऊन क्लॅम्प सुटतो.

मोड निवडीचा खटका किल्लीचा असून त्यावर मॅन्युअल, जॉग, ऑटो अशी तीन स्थाने याच क्रमाने आहेत. जॉगमध्ये स्लाइडचा वेग सेकंदाला ५ मिमी आहे.

आता नेहमी घडणारा एक प्रसंग पाहू. टप्पा ४० चालू आहे, ड्रिल जॉबमध्ये १० मिमी शिरलेले आहे आणि चालकाला ड्रिलचा आवाज बदललेला जाणवतो. तो खटका मॅन्युअलवर नेतो, स्लाइड मागे घेतो, क्लॅम्प सोडतो आणि जॉब काढून पाहतो. ड्रिलची धार गेलेली असते. तो ड्रिल बदलतो, जॉब परत ठेवतो, दार लावतो, खटका ऑटोवर आणतो आणि आरंभाचे बटण दाबतो. निष्काळजीपणे लिहिलेल्या कार्यक्रमाच्या स्मृतीत टप्पा क्रमांक अजून ४० असतो. क्लॅम्प न लागताच स्लाइड पुढे सरकू लागते, ड्रिल जॉबला भिडते आणि मोकळा जॉब त्याच्याबरोबर गरगर फिरतो. या यंत्राच्या बाबतीत मोड निवडीचा सर्व तर्क ही एक घटना अशक्य करण्यासाठी आहे असे म्हटले तरी चालेल.

## खटका वाचणे

तीन स्थानांच्या खटक्यावर पुष्कळदा दोनच संपर्क जोडलेले असतात: डाव्या स्थानी एक बंद होतो, उजव्या स्थानी दुसरा, आणि मधल्या स्थानी दोन्ही उघडे राहतात. अशा जोडणीत ‘दोन्ही उघडे’ याचा अर्थ ‘मधला मोड’ असा घ्यावा लागतो. ऑटोच्या संपर्काची तार सैल झाली की पीएलसीला खटका मध्यावर आल्यासारखा दिसतो आणि यंत्र न सांगता मोड बदलते. एक इनपुट वाचवण्यासाठी केलेली ही काटकसर नंतर महागात पडते. तीन स्थानांसाठी तीन संपर्क घेऊन ‘तीनपैकी नेमका एकच बंद’ ही अट तपासली, तर तुटलेली तार आणि चिकटलेला संपर्क या दोन्ही गोष्टी दोष म्हणून ओळखता येतात.

दुसरी अडचण वेळेची आहे. मॅन्युअलवरून ऑटोवर जाताना खटका जॉगवरून जातो. माणसाच्या हाताला हा क्षणार्ध वाटतो. परंतु पीएलसी आपला संपूर्ण कार्यक्रम साधारण १० मिलिसेकंदांत एकदा वाचत असेल, तर तेवढ्या अवधीत तो अनेक वेळा ‘जॉग’ वाचून घेतो. एका स्थानातून दुसऱ्यात जाताना काही काळ एकही संपर्क बंद नसतो, तोही काळ त्याला दिसतो. म्हणून निवड काही काळ स्थिर राहिल्याशिवाय ती मान्य करायची नसते. पीएलसीच्या ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ या भाषेत हे पुढीलप्रमाणे लिहिता येते.

```
nSel := BOOL_TO_INT(xSelMan) + BOOL_TO_INT(xSelJog)
      + BOOL_TO_INT(xSelAuto);

IF nSel <> 1 THEN   iReq := 0;   (* अमान्य *)
ELSIF xSelMan THEN  iReq := 1;
ELSIF xSelJog THEN  iReq := 2;
ELSE                iReq := 3;
END_IF;

tStable(IN := (iReq = iReqPrev), PT := T#300ms);
iReqPrev := iReq;
```

येथे `iReq` ही केवळ मागणी आहे. प्रत्यक्ष मोड `iMode` या वेगळ्या चलात राहतो. उर्वरित कार्यक्रमाने खटक्याचे संपर्क थेट कधीही वाचू नयेत; त्याने फक्त `iMode` पाहावा. हा नियम एका ठिकाणी मोडला, तरी कार्यक्रमाचे दोन भाग एकाच क्षणी वेगवेगळ्या मोडमध्ये आहेत अशी स्थिती उद्भवू शकते.

## आधी सोडणे, मग धरणे

संक्रमणाचा गाभा असा की जुना मोड ताबडतोब सोडायचा, मात्र नवा मोड अटी पूर्ण झाल्यावरच धरायचा. दोहोंच्या मध्ये ‘कोणताच मोड नाही’ अशी शून्य स्थिती असते.

```
IF iReq <> iMode THEN
    iMode := 0;
    iStep := 0;
    xCycleRun := FALSE;
END_IF;

IF iMode = 0 AND iReq <> 0 AND tStable.Q
   AND xStandstill AND NOT xAnyButton THEN
    iMode := iReq;
END_IF;
```

सोडणे आणि धरणे यांतील हा भेद हेतुपूर्वक ठेवलेला आहे. चालकाने खटका फिरवला याचा अर्थ त्याला चालू असलेले काम थांबवायचे आहे, तेव्हा तेथे ३०० मिलिसेकंद वाट पाहण्याचे कारण नाही. याउलट नवा मोड धरण्याची कोणालाही घाई नसते. स्लाइड वेगात असेल तर तिला थांबायला वेळ लागतो. १२० मिमी प्रतिसेकंद वेगावरून ६०० मिमी प्रतिसेकंद वर्ग या मंदनाने ती ०.२ सेकंदांत, १२ मिमी सरकून थांबते. `xStandstill` हा संकेत सर्व्होकडून येतो आणि स्लाइड खरोखर थांबल्याचे सांगतो. स्पिंडलचा त्यात समावेश नाही. त्याचे कारण पुढे येते.

`xAnyButton` ही अट लहान असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. जॉगचे बटण दाबून धरलेले असताना कोणी खटका मॅन्युअलवर नेला आणि मॅन्युअलमध्ये तेच बटण ‘स्लाइड पुढे’ या अर्थाचे असले, तर मोड बदलताच स्लाइड पुढच्या टोकापर्यंत धावू लागेल. सर्व बटणे सुटलेली दिसल्याशिवाय नवा मोड न धरणे, हा यावरचा सरळ उपाय आहे.

खटका हलताच सायकल तोडावी की ती पूर्ण होऊ द्यावी, याविषयी मतभेद आहेत. काही यंत्रांवर सायकल संपेपर्यंत मोडबदल प्रलंबित ठेवतात. ज्या यंत्रात मध्येच थांबल्यामुळे माल वाया जातो तेथे हे समर्थनीय आहे. पण चालकाला काहीतरी बिघडल्याचे दिसले म्हणूनच त्याने खटका फिरवला असेल, तर १५ सेकंद चालत राहणारे यंत्र त्याला आज्ञा न ऐकणारे वाटते. मग तो आणीबाणीच्या लाल बटणाकडे वळतो आणि त्या बटणाचा रोजचा वापर सुरू होतो. ड्रिलिंगसारख्या कामात तत्काळ सोडणेच बरे. सायकलअखेर थांबण्यासाठी ‘सायकल समाप्त’ असे वेगळे बटण देता येते.

## शून्य स्थितीत काय बंद होते

शून्य स्थिती म्हणजे सर्व आउटपुट बंद, असे समजणे ही नवख्या कार्यक्रमकाराची सर्वांत महाग चूक ठरू शकते. वरील यंत्रात तसे केले तर काय होईल ते क्लॅम्पच्या व्हॉल्व्हवर अवलंबून आहे. व्हॉल्व्ह दोन सोलेनॉइडचा असेल तर वीज गेल्यावरही तो शेवटच्या स्थितीत राहतो आणि जॉब धरलेला राहतो. तो एका सोलेनॉइडचा, स्प्रिंगने परतणारा असेल आणि वीज दिल्यावर क्लॅम्प लागत असेल, तर आउटपुट बंद होताच क्लॅम्प सुटतो, आणि तोही फिरते ड्रिल जॉबच्या आत असताना. म्हणजेच येथे सर्वांत ‘सुरक्षित’ वाटणारी कृती सर्वांत धोकादायक ठरते. स्प्रिंगचा व्हॉल्व्हच वापरायचा असेल तर वीज गेल्यावर क्लॅम्प लागेल अशा बाजूने तो जोडतात.

त्यामुळे प्रत्येक आउटपुट शून्य स्थितीत काय करील हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. हालचाल घडवणारी आज्ञा, म्हणजे स्लाइडची गती, लगेच शून्य होते. धरून ठेवणारी आज्ञा, म्हणजे क्लॅम्प, आहे तशी राहते. स्पिंडलचा प्रश्न यांच्या मधला आहे. ड्रिल जॉबमध्ये असताना स्पिंडल थांबवला तर ते छिद्रात अडकू शकते आणि पुन्हा सुरू करताना मोडू शकते. म्हणून दार बंद असेपर्यंत स्पिंडल फिरता ठेवून फक्त स्लाइड थांबवतात. दार उघडल्यास स्पिंडल बंद करण्याचे काम सुरक्षा सर्किट करते. ते मोडवर सोपवलेले नसते.

## एका आउटपुटला एकच लेखणी

मॅन्युअल, जॉग आणि ऑटो यांचे तीन वेगळे उपकार्यक्रम लिहून प्रत्येकात स्लाइडचे आउटपुट चालवणे ही पद्धत स्वाभाविक वाटते. पीएलसी मात्र कार्यक्रम वरून खाली वाचतो आणि शेवटी लिहिलेली किंमतच बाहेर जाते. ऑटोचा उपकार्यक्रम शेवटी असेल, तर मॅन्युअलने दिलेली आज्ञा तो पुसून टाकतो. कारखान्यात हा दोष एका ठरावीक लक्षणावरून ओळखता येतो: संगणकावर पाहिले तर मॅन्युअलची ओळ पूर्ण झालेली, कॉइल पेटलेली दिसते, पण व्हॉल्व्हपर्यंत वीज जात नाही. तार, फ्यूज, व्हॉल्व्ह तपासण्यात दिवस जातो आणि दोष शेवटी दुहेरी कॉइलचा निघतो.

यावर उपाय असा की तिन्ही मोड फक्त विनंती करतात आणि आउटपुट एकाच ठिकाणी लिहिले जाते.

```
xFwdReq := (iMode = 1 AND xManFwd)
        OR (iMode = 2 AND xJogFwd)
        OR (iMode = 3 AND xAutoFwd);

xFwdOK  := NOT xAtEnd
       AND (xClamped OR NOT xSpindleOn)
       AND (iMode = 2 OR (xClamped AND xSpindleOn));

xSlideFwd := xFwdReq AND xFwdOK;
```

पहिल्या विधानात आज्ञेचा उगम आहे, दुसऱ्यात परवानगी. परवानगीच्या अटींना इंटरलॉक म्हणतात. त्या मोडपासून शक्य तितक्या स्वतंत्र असाव्यात. क्लॅम्प लागलेला नसताना फिरते ड्रिल पुढे नेणे हे मॅन्युअलमध्येही चूकच आहे. जॉगमध्ये थोडी सूट दिलेली दिसते: ड्रिल बदलल्यावर त्याचे टोक जॉबला टेकवून पाहण्यासाठी स्पिंडल बंद असताना स्लाइड पुढे नेता आली पाहिजे, म्हणून तेवढी मुभा आहे. परंतु स्पिंडल फिरत असेल तर जॉगमध्येही क्लॅम्प हवाच. सूट नेमकी कोणत्या कामासाठी आणि किती, हे अशा एका ओळीत दिसत असेल तर पुढे यंत्र सांभाळणाऱ्याला ते वाचता येते. क्लॅम्प सोडण्याच्या आज्ञेलाही ‘स्लाइड मागे आहे’ ही अट तिन्ही मोडमध्ये सारखीच लागू असते.

वेगाबाबतही हाच नियम लागतो. सर्व्होला द्यायचा वेग ऑटोच्या टप्प्यात लिहिला आणि जॉगमध्ये तो नव्याने लिहिलाच नाही, तर शेवटचा १२० मिमी प्रतिसेकंद हा वेग तसाच राहतो. जॉगचे बटण अर्धा सेकंद दाबले की स्लाइड अडीच मिमी सरकावी अशी अपेक्षा असते. ती ६० मिमीच्या आसपास धाव घेते. जॉग नेहमी नीट चालतो, फक्त सायकल मध्ये तोडल्यानंतर पहिल्यांदा वेगात जातो, अशी तक्रार आली तर दोष बहुधा येथे असतो. वेग हा `iMode` वरून प्रत्येक स्कॅनमध्ये ठरवला जावा.

## बटणाची कड

आरंभाचे बटण ‘दाबलेले आहे’ हे पुरेसे नसते. ते ‘आत्ता दाबले गेले’ हे कळावे लागते. चालकांनी काम भराभर व्हावे म्हणून बटणाला चिकटपट्टी लावून ठेवणे ही कारखान्यांत अपरिचित गोष्ट नाही. म्हणून बटणाच्या स्थितीऐवजी तिची चढती कड वापरतात. आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकात यासाठी `R_TRIG` हा तयार ठोकळा आहे. तो मागील स्कॅनमधील किंमत लक्षात ठेवतो आणि ‘आधी नव्हते, आता आहे’ असे दिसले की एकाच स्कॅनपुरता संकेत देतो.

या ठोकळ्याचा एक सापळा आहे. तो ऑटोच्या उपकार्यक्रमात ठेवला तर इतर मोडमध्ये तो वाचलाच जात नाही आणि त्याच्या स्मृतीत जुनी किंमत राहते. ऑटो सोडताना बटण सुटलेले होते. मॅन्युअलमध्ये असताना कोणी ते दाबून धरले. खटका ऑटोवर येताच ठोकळा पहिल्यांदा वाचला जातो आणि त्याला ‘आधी नव्हते, आता आहे’ असेच दिसते. अशा वेळी मोड बदलल्याबरोबर यंत्र सुरू होते. ठोकळा सर्व मोडच्या बाहेर, प्रत्येक स्कॅनमध्ये वाचला गेला तर हे टळते. वीज आल्यावरच्या पहिल्या स्कॅनमध्येही बटण दाबलेले असल्यास `R_TRIG` संकेत देतो, हे त्या मानकात नोंदलेले आहे. वर दिलेल्या तर्कात त्या वेळी मोड शून्य असल्यामुळे तो संकेत वाया जातो.

स्पर्शपटलावरील जॉगच्या बटणाला वेगळी काळजी लागते. पटल बोट टेकल्यावर पीएलसीमधील बिट १ करते आणि बोट उचलल्यावर ० करते. या दोहोंच्या मध्ये केबल सुटली किंवा पटल अडकले तर बिट १ च राहते आणि स्लाइड चालत राहते. म्हणून जॉगसाठी तारेने जोडलेले खरे बटण श्रेयस्कर ठरते. ते शक्य नसल्यास पटलाकडून येणारा नियमित स्पंदन-संकेत थांबताच पीएलसी जॉगची आज्ञा स्वतः रद्द करतो.

## ऑटोमध्ये परतणे

ऑटो सोडताना टप्पा क्रमांक शून्य होतो, हे वरील कार्यक्रमात आलेच आहे. परंतु क्रमांक शून्य झाल्याने यंत्र होम स्थितीत येत नाही. म्हणून ऑटोमध्ये आरंभ स्वीकारण्यापूर्वी प्रत्यक्ष स्थिती तपासली जाते: स्लाइड मागच्या सेन्सरवर आहे, क्लॅम्प सुटलेला आहे, स्पिंडल बंद आहे, दार लागलेले आहे. यांपैकी एकही अट अपुरी असेल तर सायकल सुरू होत नाही. पटलावर नुसते ‘यंत्र तयार नाही’ असे दाखवण्यापेक्षा ‘स्लाइड होमवर नाही’ असे नेमके दाखवणे आवश्यक आहे. नाहीतर चालक खटका पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. मॅन्युअलमध्ये ‘होम’ हे एक बटण दिल्यास यंत्र योग्य क्रमाने घरी नेता येते: आधी स्लाइड मागे, मग स्पिंडल बंद, शेवटी क्लॅम्प सैल.

तोडलेली सायकल जेथून तुटली तेथूनच पुढे चालवावी, अशी मागणी उत्पादन विभागाकडून येते. ती मान्य करायची तर थांबतानाचा टप्पा वेगळा नोंदवून ठेवावा लागतो आणि परतताना त्या टप्प्याला अपेक्षित असलेली प्रत्येक स्थिती जुळते का, हे तपासावे लागते. टप्पा ४० साठी क्लॅम्प लागलेला असणे, स्पिंडल फिरता असणे आणि स्लाइड थांबली त्याच जागी असणे आवश्यक ठरेल. एक साधी सायकल असेल तर हा खटाटोप क्वचितच परवडतो. अर्धवट छिद्राचा जॉब पुन्हा सुरुवातीपासून चालवला तर ड्रिल आधीच्या छिद्रातून हवेत जाते आणि उरलेले काम पूर्ण करते. काही सेकंद वाया जातात एवढेच. आटे पाडणाऱ्या यंत्रावर मात्र तसे करता येत नाही, कारण टॅप जुन्या आट्यांत बरोबर बसेलच असे नाही. तेथे अर्धवट जॉब बाजूला काढणे भाग असते. कोणत्याही परिस्थितीत, उत्पादनाचा आकडा फक्त टप्पा ६० पूर्ण झाल्यावरच वाढावा.

वीज खंडित होणे हाही एक प्रकारचा मोडबदलच आहे. पीएलसीतील काही स्मृती वीज गेल्यावरही टिकते. उत्पादनाचा आकडा तेथे ठेवणे योग्य. `iMode`, `iStep` आणि `xCycleRun` हे तिन्ही तेथे ठेवू नयेत. भारनियमनाच्या भागात, वीज परत आल्यावर टप्पा ४० पासून चालू होऊ पाहणारे यंत्र हा दोष लवकरच उघड करते.

## सुरक्षेशी असलेला संबंध

वर वर्णन केलेला सर्व तर्क साध्या पीएलसीत चालतो आणि दार बंद आहे असे गृहीत धरतो. दार उघडे ठेवून जॉग करायचा असेल तर विषय बदलतो. मग मोड निवडीमुळे एक संरक्षण बाजूला होते आणि ती निवड स्वतःच सुरक्षेचे कार्य बनते. युरोपीय संघाच्या २००६/४२ क्रमांकाच्या यंत्र निर्देशात अशा वेळच्या अटी दिल्या आहेत. निवडीचा खटका प्रत्येक स्थानी कुलूपबंद करता यावा आणि प्रत्येक स्थानाचा अर्थ एकच मोड असावा. संरक्षण काढलेले असताना इतर सर्व मोड बंद व्हावेत, धोकादायक क्रिया सतत दाबून धरण्याच्या बटणानेच चालाव्यात, आणि त्याही कमी वेगासारख्या सौम्य परिस्थितीत. औद्योगिक रोबोंना हाताने शिकवताना आयएसओ १०२१८ या मानकाने घातलेली सेकंदाला २५० मिमीची वेगमर्यादा याच विचारातून आलेली आहे. अशा ठिकाणी खटक्याचे संपर्क आणि वेगावरील देखरेख सुरक्षा रिले किंवा सुरक्षा पीएलसीकडे जाते. साध्या कार्यक्रमातील `iMode` तेथे पुरत नाही. आणीबाणीचे बटण तर कोणत्याही मोडमध्ये आणि शून्य स्थितीतही सारखेच काम करते.

## चाचणी

यंत्र सुपूर्त करताना प्रत्येक मोड चालवून दाखवला जातो, पण मोडांमधील सीमा क्वचितच तपासल्या जातात. वरील यंत्रावर पुढील चाचण्या जॉब न लावता, स्पिंडलमधून ड्रिल काढून करता येतात. जॉगचे बटण दाबून धरून खटका दोन्ही बाजूंना फिरवला असता स्लाइड थांबली पाहिजे आणि बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत हलता कामा नये. आरंभाचे बटण दाबून धरून खटका ऑटोवर आणला असता काहीही घडू नये. खटका दोन स्थानांच्या मध्ये अडवून धरल्यास पटलावर मोड शून्य दिसावा. संपर्काची एक तार काढल्यावरही तेच दिसावे. टप्पा ३० मध्ये वीज तोडून पुन्हा दिल्यावर यंत्र स्वस्थ बसले पाहिजे आणि स्लाइड होमवर नसल्याचे त्याने सांगितले पाहिजे. शेवटी, टप्पा ४० मध्ये खटका मॅन्युअलवर न्यावा, स्लाइड मागे घ्यावी, स्पिंडल बंद करावा, क्लॅम्प सोडावा, ऑटोवर परतून आरंभाचे बटण दाबावे आणि पहिली हालचाल कोणती होते ते पाहावे. ती क्लॅम्पची असली पाहिजे.